सरांची बारा टक्क्यांची उपसूचना

आमच्या पतसंस्थेचा खजिनदार मी झालो, त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. आधीचे खजिनदार निवृत्त झाले, संचालक मंडळात उरलेल्यांपैकी बाकी सगळे शिक्षक होते आणि मी एकटा क्लार्क. हिशेबाची कामं क्लार्कला जमतात असा शिक्षकांचा पक्का समज असतो. चेअरमन चांदवडच्या एका शाळेत पर्यवेक्षक होते. ते म्हणाले, "तुम्हाला काही करायचं नाही, सगळं मॅनेजर बघतात. वर्षातून एकदा सभेत पाच मिनिटं बोलायचं, बस."

मला भीती त्या पाच मिनिटांचीच होती.

आमची संस्था पगारदारांची. शाळांतले शिक्षक, क्लार्क, प्रयोगशाळा सहायक, शिपाई असे सगळे तिचे सभासद. दर महिन्याला पगारातून शेअर्सचे आणि कर्जाच्या हप्त्याचे पैसे कापून येतात. नाशिक शहरातले सभासद जास्त, पण चांदवड, कळवणपर्यंतच्या शाळाही आहेत. मार्चअखेर हिशेब बंद होतात, मग लेखापरीक्षण होतं, आणि सप्टेंबर संपायच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते. त्या सभेत खजिनदार उभा राहून सांगतो की वर्षाचा वाढावा, म्हणजे निव्वळ नफा, किती, तो कुठे कुठे ठेवायचा आणि सभासदांना लाभांश किती द्यायचा. संचालक मंडळ फक्त शिफारस करतं. मंजुरी सभेची लागते.

त्याआधी मी माइकवर बोललो होतो ते फक्त आमच्या इंदिरानगरच्या विहारात, वंदनेच्या वेळी. तिथे आपल्या मागे शंभर आवाज असतात. आपला चुकला तर ते सांभाळून घेतात. सभेत तसं कोणी नसणार होतं.

शिवाय त्या वर्षीचे आकडे अवघड होते. अवघड म्हणजे चांगले होते. आदल्या वर्षी सव्वीस लाख निव्वळ नफा होता आणि नऊ टक्के लाभांश दिला होता. या वर्षी नफा चौतीस लाखांवर गेला, आणि आम्ही शिफारस करत होतो फक्त दहा टक्क्यांची. अहवालाची पुस्तिका चौदा दिवस आधी सगळ्या शाळांत पोचली आणि तिसऱ्याच दिवशी माझा फोन वाजायला लागला. आठ लाख वाढले, मग आमचा एकच टक्का का? तोटा झाला असता तर लोकांनी एवढं बारकाईनं वाचलं नसतं.

मी भाषण लिहून काढलं. चार पानं झालं. सभेच्या आदल्या दिवशी दुपारी बायकोला समोर बसवून वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. पहिलं पान होईपर्यंत तिनं मान हलवली, दुसऱ्या पानाला जुडी संपली आणि तिसऱ्या पानाच्या मध्यावर ती म्हणाली, "एक विचारू? चौतीस लाख उरलेत तर सगळे वाटून का टाकत नाही?"

मी तिला समजावलं. चौथा हिस्सा कायद्यानंच राखीव निधीत टाकावा लागतो, त्याला हात लावता येत नाही. चौतीसमधले सहा लाख या वर्षीच आलेत, पुढच्या वर्षी येणार नाहीत. ते आले म्हणून आज सढळ हातानं वाटले, तर पुढच्या वर्षी लोकांना कमी द्यावं लागेल आणि तेव्हा शिव्या खाव्या लागतील.

"मग एवढंच बोल की," ती म्हणाली. "हे मला कळलं. ते चार पानांतलं नाही कळलं."

चार पानं मी कपाटात ठेवली आणि एका कागदावर सात ओळी लिहिल्या.

सभा रविवारी सकाळी दहाला, शहरातल्या एका शाळेच्या सभागृहात. दहाला गणपूर्ती झाली नाही, ती कधीच होत नाही. नियमाप्रमाणे चेअरमननी सभा अर्ध्या तासासाठी तहकूब केली आणि लोक चहाकडे गेले. साडेदहाला त्याच जागी ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा मात्र सभागृह भरलं होतं. मागच्या बाजूला जेवणाची तयारी चालली होती आणि मसालेभाताचा वास थेट व्यासपीठापर्यंत येत होता. सभासदांना द्यायच्या स्टीलच्या डब्यांची खोकी दाराजवळ रचली होती. त्या डब्यांना झाकण घट्ट बसतं की नाही, यावर दोघी जणी उघडझाप करून प्रयोग करत होत्या.

मी खाली नजर टाकली आणि पहिल्याच रांगेत मला माझे गणिताचे सर दिसले.

आठवी ते दहावी तीन वर्षं त्यांनी मला गणित शिकवलं. वर्गात ते कधी मारत नसत, रागावतही नसत. फक्त फळ्यावर बोलावत. आपण गणित सोडवायचं आणि ते हाताची घडी घालून बघत राहायचे. चूक झाली की "पुन्हा बघ" एवढंच म्हणायचे. ते "पुन्हा बघ" मला अजून स्वप्नात ऐकू येतं. त्यांची पुढच्या मे महिन्यात निवृत्ती होती. त्यांच्या हातात अहवालाची पुस्तिका होती आणि तिच्यात पेन्सिलीच्या खुणा केलेल्या मला व्यासपीठावरूनही दिसत होत्या.

मागच्या सभेचं इतिवृत्त कायम झालं, अहवाल झाला, ताळेबंद झाला. मग चेअरमननी माझ्याकडे पाहून पाच बोटं दाखवली.

मी उभा राहिलो. सुरुवातीचा आवाज माझा मलाच ऐकू आला नाही, म्हणून मी माइक जवळ ओढला. मी म्हणालो की आपल्या संस्थेला या वर्षी चौतीस लाखांचा वाढावा झाला. यातला चौथा हिस्सा, म्हणजे साडेआठ लाख, राखीव निधीत जाईल. राहिले साडेपंचवीस लाख. आपलं भागभांडवल दोन कोटी आहे, त्यावर दहा टक्क्यांनी लाभांश वीस लाख होतो. उरलेल्या साडेपाच लाखांपैकी तीन लाख लाभांश समीकरण निधीत ठेवू. कमी नफ्याच्या वर्षी लाभांश टिकवायला तो वापरता येतो. दीड लाख इमारत निधीला आणि एक लाख सभासद कल्याण निधीला.

इथपर्यंत लोक शांत होते. मग मी तो सहा लाखांचा मुद्दा सांगितला.

काही वर्षांपूर्वी संस्थेची ठेव एका बँकेत होती आणि ती बँक बंद पडली. पैसे परत येतील याची खात्री नव्हती, म्हणून त्या वर्षी संस्थेनं आपल्या नफ्यातून तेवढ्या रकमेची तरतूद केली, म्हणजे ते गेलेच असं धरलं. यंदा त्या बँकेच्या अवसायकाकडून, म्हणजे तिचा कारभार गुंडाळणाऱ्या अधिकाऱ्याकडून, त्यातले सहा लाख आले. ते आले म्हणून नफा फुगलाय. धंदा तेवढा वाढलेला नाही. ते सहा लाख बाजूला काढले तर आपली खरी कमाई अठ्ठावीस लाखांची. अठ्ठावीसमधून राखीव निधी वजा केला की एकवीस उरतात. त्यात पुढच्या वर्षी दहा टक्के बसतात, बारा बसत नाहीत. आज बारा देऊन पुढच्या वर्षी खाली येण्यापेक्षा दोन्ही वर्षं दहा द्यावेत, अशी मंडळाची शिफारस आहे.

मी खाली बसलो. चेअरमन पुटपुटले, "चार मिनिटं." मला वाटलं, सुटलो.

सर उभे राहिले.

"अध्यक्ष महाराज, खजिनदार साहेबांनी हिशेब नीट मांडला," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून 'खजिनदार साहेब' ऐकताना मला खुर्चीत बसवेना, मी अर्धवट उठलोच. "पण एक गोष्ट राहिली. ती बँक बुडाली त्या वर्षी आपण लाभांश किती घेतला होता? चार टक्के. मी तेव्हा सभासद होतो, मला आठवतंय. ते सहा लाख आमच्याच तोंडातून काढून ठेवले होते. आज ते परत आले, तर ज्यांच्या तोंडचे गेले त्यांना मिळू नयेत? पुढच्या वर्षी इथं मी नसेन. माझी उपसूचना आहे, लाभांश बारा टक्के करावा."

मागून कोणीतरी लगेच अनुमोदन दिलं. टाळ्या वाजल्या, त्याही बऱ्यापैकी.

खरं सांगायचं तर सरांचं म्हणणं मला पटलं होतं. मॅनेजर माझ्याकडे कागद सरकवत होते, चेअरमन घड्याळ बघत होते. मी उठून म्हणालो, "सर, तुमचं बरोबर आहे. त्या वर्षी झळ तुम्हीच सोसली. पण तेव्हाचे बरेच सभासद निवृत्त झालेत, शेअर्सचे पैसे घेऊन गेलेत. आज बारा टक्के दिले तर ते त्यांना मिळणार नाहीत, आजच्या सभासदांना मिळतील. त्यातले कित्येक तेव्हा नोकरीतच नव्हते. आणि पुन्हा चार टक्क्यांचं वर्ष आलं तर हाताशी काही असावं, म्हणून तीन लाख बाजूला ठेवतोय."

"हे अर्धं उत्तर झालं," सर म्हणाले. पण ते हसून म्हणाले, हे मला बरं वाटलं.

तेवढ्यात डाव्या बाजूच्या रांगेतून एक हात वर झाला. कळवणकडच्या एका शाळेतल्या शिपाई मावशी होत्या. पहाटेच्या एसटीनं आल्या होत्या. आमच्या सभेत शिपाई सहसा बोलत नाहीत, जेवतात आणि डबा घेऊन जातात. माइक त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला, पण तो आल्यावर त्यांनी घेतलाच नाही. त्यांचा आवाज तसाही सगळीकडे पोचत होता.

"मला आकडे नाय कळत एवढे," त्या म्हणाल्या, "पण हा नफा आला कुठून? आम्ही कर्ज काढलं, त्याचं व्याज भरलं, त्यातूनच ना? मग माझ्याकडून आधी जास्त घ्यायचं आणि दिवाळीला त्यातलंच थोडं परत द्यायचं. त्यापरीस आधीच कमी घ्या की."

सभागृहात हशा पिकला. त्यात कुचेष्टा नव्हती. आपल्या मनातलं दुसऱ्यानं बोलून टाकल्यावर माणसं हसतात, तसं ते हसणं होतं. मी मात्र हसलो नाही. गेले तीन आठवडे मी चौतीस लाख उलटेसुलटे करून पाहत होतो, आणि ते आले कुठून हे एकदाही मोठ्यानं बोललो नव्हतो. आम्ही बाहेरच्या कोणाला कर्ज देत नाही. आमचा सगळा धंदा सभासदांशी. एका सभासदानं भरलेलं व्याज, त्यातून ठेवींचं व्याज आणि खर्च गेला की उरतो तो वाढावा.

मावशींना विचारावं लागलं नाही. त्यांनीच सांगितलं की त्यांचे शेअर्स वीस हजारांचे आहेत आणि मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी काढलेल्या कर्जाचे चार लाख अजून बाकी आहेत.

सर अजून उभेच होते. त्यांनी व्यासपीठामागच्या फळ्याकडे बोट केलं. त्यावर कोणीतरी रंगीत खडूनं 'सभासद बंधू-भगिनींचे स्वागत' असं लिहिलं होतं.

"खालची बाजू मोकळी आहे," सर म्हणाले. "मांड की. बाईंना बारा टक्क्यांनी किती जास्त मिळतील आणि व्याज अर्धा टक्का कमी केलं तर किती वाचतील."

'साहेब' गेलं होतं आणि 'तू' आलं होतं. माझे पाय आपोआप फळ्याकडे वळले. छत्तीस वर्षांचा माणूस, दोन मुलांचा बाप, हातात खडू घेऊन दीड-दोनशे लोकांकडे पाठ करून उभा राहिला.

मी लिहिलं. वीस हजारांवर दहा टक्के म्हणजे दोन हजार. बारा टक्के म्हणजे चोवीसशे. फरक चारशे रुपये. खाली लिहिलं, चार लाखांवर अर्धा टक्का म्हणजे दोन हजार रुपये.

"पुन्हा बघ," सर म्हणाले.

पहिल्या रांगेत त्यांचे दोन-तीन जुने विद्यार्थी होते, आता स्वतःच शिक्षक झालेले. त्यांना हसू फुटलं. मी फळ्याकडे पाहत राहिलो. मला चूक दिसेना. शेवटी सरच म्हणाले, "चार लाख वर्षभर चार लाख राहतात का? दर महिन्याला हप्ता जातो, बाकी उतरत जाते. पाच वर्षांची मुदत धर. वर्षाची सरासरी बाकी किती येईल?"

मी बाजूला आकडेमोड केली. महिन्याला मुद्दल साधारण सहा हजार सहाशे. वर्षाची सरासरी बाकी तीन लाख त्रेसष्ट हजारांच्या आसपास. अर्धा टक्का म्हणजे अठराशे रुपये.

"आता बरोबर," सर म्हणाले. "चारशे एका बाजूला, अठराशे दुसऱ्या. आता माझं लिही. शेअर्स दीड लाख, कर्ज शून्य."

मी लिहिलं. बारा टक्क्यांनी सरांना तीन हजार रुपये जास्त मिळणार होते. व्याजकपातीनं काहीच नाही.

मग वळून सभेलाच त्यांनी विचारलं, "इथं कर्ज नसलेले किती? हात वर करा." वीस-पंचवीस हात वर आले, बहुतेक पिकल्या केसांचे. बाकी सगळं सभागृह तसंच बसून होतं. सरांनी पुस्तिका मिटली.

"अध्यक्ष महाराज, उपसूचना मी मागे घेतो," ते म्हणाले. "पण एका अटीवर. इतिवृत्तात लिहा की व्याजदर अर्धा टक्का कमी करावा, अशी सभेनं मंडळाला शिफारस केली."

अनुमोदन देणाऱ्यानंही मान्य केलं. चेअरमननी सावधपणे सांगितलं की कर्जाचा व्याजदर मंडळ आपल्या बैठकीत ठरवेल, आज आश्वासन देता येणार नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. याचा परिणाम काय होईल ते सांगा, असा त्याचा अर्थ होता. खडू अजून माझ्या हातात होता. मी सांगितलं की आपलं कर्जवाटप सहा कोटींचं आहे, त्यावर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला तीन लाखांचं उत्पन्न घटेल. अठ्ठावीसचे पंचवीस होतील. राखीव निधी गेल्यावर पावणेएकोणीस उरतील. दहा टक्क्यांना वीस लागतात. सव्वा लाख कमी पडतील, ते समीकरण निधीतून काढता येतील. "पण हे दरवर्षी चालणार नाही," मी म्हणालो. "निधी संपला की लाभांश नऊवर येईल. ते आजच सांगून ठेवतो."

"नऊ चालंल," मावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या.

दहा टक्क्यांचा ठराव हात वर करून मंजूर झाला. विरोधात दोन हात होते. ते कोणाचे हे मी मुद्दाम पाहिलं नाही.

जेवताना सर माझ्याच पंगतीला आले. पानातली जिलेबी त्यांनी माझ्या पानात ठेवली, कारण त्यांना साखर होती. मी म्हणालो, "सर, तुमचे तीन हजार गेले." ते म्हणाले की निवृत्तीनंतर तीन हजारांचं काय करायचं हे त्यांनी अजून ठरवलंही नव्हतं. मग म्हणाले, "पण ते चार टक्क्यांचं वर्ष मला लागलं होतं रे. मुलाच्या इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष होतं. ते कोणी तरी सभेत बोलायला हवं होतं, म्हणून बोललो." मी वाढप्याला हाक मारून सरांना मठ्ठा वाढायला सांगितला.

लाभांश दिवाळीच्या आधी सगळ्यांच्या खात्यांत जमा झाला. त्याच महिन्यात मंडळाची बैठक होती. एक-दोन संचालक पाव टक्क्यावर भागवा म्हणत होते, पण चेअरमननी इतिवृत्त पुढे ठेवलं आणि वाद फार लांबला नाही. दहाचा दर साडेनऊ झाला, नोव्हेंबरपासून. शाळांना कपातीच्या नव्या याद्या गेल्या.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी शाळेच्या ऑफिसात दाखले लिहीत बसलो होतो, तेव्हा मावशींचा फोन आला. नंबर त्यांनी अहवालाच्या पुस्तिकेतून घेतला होता.

"जय भीम साहेब. एक विचारायचं होतं. दर महिन्याला माझं व्याज पन्नास-पंचावन्न रुपयांनी उतरतं, मी वहीत लिहून ठेवते. ह्या वेळी दोनशेच्या वर उतरलंय. तुमच्याकडून काही चूक तर नाय ना झाली? मागनं एकदम कापाल, म्हणून विचारते."

मी त्यांना सांगितलं की चूक नाही, सभेत त्या बोलल्या तेच झालंय.

पलीकडे कोणाला तरी हाक मारून, फोनवर हात न ठेवताच, त्या सांगत होत्या की अगं, ते मी बोलले होते ना नाशिकला, ते त्यांनी केलंय. मग पुन्हा माझ्याशी बोलायला आल्या.

"मग असू द्या," त्या म्हणाल्या, आणि मुलीची परीक्षा कधी आहे ते सांगायला लागल्या.